तिसऱ्या टर्मला पोळा: शनिवारच्या मराठी वर्गाच्या पालकांना पत्र

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे. मेलबर्नमध्ये शनिवारच्या मराठी वर्गाला जाते. यंदाच्या 'सण आणि मूल्ये' अभ्यासक्रमात तिसऱ्या टर्मला गणपती नाही, पोळा आहे. आम्ही दोघं पुण्यात वाढलो, पोळा आम्हीही नीट पाहिलेला नाही. इथल्या मुलांना बैलांच्या सणातून कोणती मूल्ये शिकवणार, आणि घरी आम्ही काय करायचं?

पालकहो, नमस्कार.

गणपतीचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात संपतं. गणपती मुलांना मिळतोच. घरी मूर्ती येते, मंडळात आरती होते, मोदक खाल्ले जातात. वर्गात पुन्हा तेच केलं तर चित्र रंगवण्यापलीकडे फारसं काही होत नाही. पोळा मात्र इथल्या एकाही मुलाला आपोआप भेटणार नाही. शिवाय श्रावणातल्या अमावास्येला पोळा झाला की चार-पाच दिवसांत गणपती बसतात. २०२५ साली पोळा २२ ऑगस्टला होता आणि गणपती २७ ला. म्हणजे वर्गात पोळा संपवून मुलं घरच्या गणपतीकडे वळतात, काही हुकत नाही.

वर्षाला आम्ही चारच सण घेतो, टर्मला एक, आणि प्रत्येकाला तीन शनिवार. पूर्वापार पद्धत अशी होती की सण आला की गोष्ट सांगायची आणि शेवटी 'यातून आपण काय शिकलो?' असं विचारायचं. मुलं हुशार असतात. शिक्षकाला कुठला शब्द हवा आहे ते त्यांना पाच मिनिटांत कळतं. मग कुठल्याही सणाला 'कृतज्ञता', 'एकी', 'सत्याचा विजय' यांपैकी एक उत्तर टाकलं की बाई खूश. त्यामुळे या अभ्यासक्रमात मूल्याचं नाव फळ्यावर लिहायचंच नाही असं ठरवलं आहे. सणात लोक हातांनी नेमकं काय करतात ते बघायचं, त्यातलं जमेल तेवढं स्वतः करायचं आणि मग मुलांना जे प्रश्न पडतील त्यांना सामोरं जायचं. पोळ्याला हे फार चांगलं जमतं, कारण पोळ्यात पूजेपेक्षा सेवेचा भाग मोठा आहे.

ज्यांनी पोळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी तो या दिवसांत का येतो ते सांगते. खरिपात बैलाला विसावा नसतो. नांगरट, वखरणी, पेरणी आणि मग पिकाच्या ओळींमधून कोळपणी (विदर्भात डवरणी). श्रावण सरता सरता पीक इतकं वाढतं की ओळींत बैल घालता येत नाही. पाऊसही ओसरायला लागतो. 'पोळा अन् पाऊस भोळा' असं म्हणतात ते त्यावरूनच. मधल्या या उसंतीत बैलाचा सण बसतो. दक्षिण महाराष्ट्रात तो आषाढात बेंदूर म्हणून होतो, कर्नाटकाच्या सीमेकडे त्याहीआधी ज्येष्ठात. तुमच्या सासरी-माहेरी वेगवेगळं असेल तर कोणाचं बरोबर हे वर्गात आम्ही ठरवत नाही. मुलांनी दोन्ही सांगावं.

पहिल्या शनिवारी सण येतच नाही, येतं ते काम. दोन मुलांच्या खांद्यांवर आडवा बांबू ठेवतो, त्याला दोरीने पुस्तकांचं खोकं बांधतो आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगतो. पहिल्या फेरीत हसू असतं. तिसऱ्या फेरीला कोणीतरी म्हणतं, 'हा पुढे पळतो म्हणून माझ्या मानेला लागतंय.' इथे थांबायचं. जू म्हणजे काय, ते बैलाच्या वशिंडापुढे कुठे टेकतं, जोडीतला एक अंगचोर निघाला तर दुसऱ्याच्या खांद्यावर काय होतं, हे आता सांगितलं की मुलं ऐकतात. आधी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. बांबू टॉवेलमध्ये गुंडाळलेला असतो आणि खोकं हलकं असतं, काळजी नसावी. ज्यांना खांद्यावर घ्यायचं नाही ती मुलं कासरा धरतात.

त्याच दिवशी भिंतीवर ऋतूंची दुहेरी पट्टी लावतो, वर महाराष्ट्र आणि खाली व्हिक्टोरिया. इथे जन्मलेल्या मुलांच्या डोक्यात दिवाळी वसंतातली असते आणि होळी पानगळीतली. त्यांच्या अनुभवापुरतं ते खरंच आहे. पण सण मुळात ज्या ऋतूला धरून आला तो कळला नाही तर त्यातलं निम्मं कोडंच राहतं. ऑगस्टअखेर तिकडे शेतं हिरवीगार आणि बैल मोकळे. इकडे थंडी ओसरत असते, वॉटल पिवळाधमक फुललेला असतो आणि उत्तरेकडच्या शेतांत एप्रिल-मेमध्ये पेरलेला गहू उभा असतो. तो नोव्हेंबरात कापणीला येईल. पीक वाढताना बघत बसायचं, असा मधला काळ दोन्हीकडे आहे. हे मुलांनी पट्टीवर बोट ठेवून स्वतः शोधलं की पोळा त्यांना 'तिकडचा' वाटत नाही.

बैल इथेही होते. १८५१ नंतर सोन्यासाठी बॅलरॅट आणि बेंडिगोकडे माणसांची रीघ लागली, तेव्हा त्यांचं सामान बैलांच्या गाड्यांनी जात होतं. पुढे लोकरीचे गठ्ठे आणि जंगलातले ओंडकेही बैलांनीच ओढले. मुलं त्यांच्या शाळेत हा इतिहास शिकतात, तेव्हा धागा चटकन जुळतो. इथे एक सापळा मात्र आहे आणि त्यात पालक आधी अडकतात. 'बघ, आपल्या लोकांनी बैलाची पूजा केली, यांनी नुसतं राबवलं.' कृपया हे वाक्य घरी टाळा. एक तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलाही बैल जुवालाच जुंपला जायचा. आणि दुसरं, ज्या वर्गमित्रांबरोबर मुलगी आठवड्याचे पाच दिवस काढते त्यांना कमी लेखायला शिकवून आपण तिला कोणतं मूल्य देणार?

दुसरा शनिवार आदल्या संध्याकाळचा. माझ्या मते पोळ्याचा गाभा सणाच्या दिवसात नसून या संध्याकाळीच आहे. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल लावून चोळतात, गरम पाण्याने शेकतात. याला खांदेमळणी म्हणतात. जिथे वर्षभर जू घासलं, घट्टे पडले, नेमकी तीच जागा. मग बैलाला आमंत्रण देतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' काय घडतंय बघा. ज्याच्याकडून काम घेतलं त्याला नेमकं दुखतं कुठे हे माहीत असणं, तिथे हात लावणं, आणि दावणीच्या जनावराला पाहुण्यासारखं 'या' म्हणणं. या दिवशी मुलांकडून व्याख्या नको असतात. तुमच्या घरात किंवा आसपास कोण राबतं आणि त्यांचं दुखतं कुठे, एवढंच विचारतो. उत्तरं आधी ठोकळेबाज येतात, 'आई खूप काम करते'. मग विचारायचं, 'कुठलं काम? त्यात अवघड काय?' इथे बहुतेक मुलं गप्प होतात, कारण त्यांनी पाहिलेलंच नसतं. तोच त्या आठवड्याचा गृहपाठ: एका माणसाचं काम नीट बघून यायचं.

याच दिवशी बैल करायला घेतो. भारतातून शाडूची माती आणू नका. परवानगीशिवाय माती ऑस्ट्रेलियात आणता येत नाही, विमानतळावर अडवतात. इथल्या हस्तकलेच्या दुकानात मिळणारी, हवेवर वाळणारी माती आम्ही आणतो. मुलामागे पाव किलो पुरते. बैल उभा न राहणं ही दरवर्षीची रड, आणि कारण नेहमी एकच, पाय काडीसारखे बारीक. पाय मुलाच्या अंगठ्याहून जाड हवेत. ते धडाला चिकटवताना दोन्हीकडे ओरखडे काढून ओल्या बोटाने सांधायचे. शिंगांना काडी खुपसली तरी चालते. ऑगस्टच्या थंडीत माती वाळायला आठवडा जातो. घाईने हीटरसमोर ठेवली तर तडकते, म्हणून बैल वर्गातच राहतात, घरी मागू नका.

तिसऱ्या शनिवारी पोळा भरतो. बैल रंगतात, शिंगांना बेगड लागतं, पाठीवर झूल येते, दारात तोरण बांधतो आणि सगळ्या जोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहतात. विदर्भातल्या कुणा आजी-आजोबांना झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची गाणी, येत असतील तर जरूर कळवा, त्या फोनवरून ऐकवता येतात. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा लाकडी बैलांचा असतो, तेव्हा आपल्या मातीच्या बैलांची परंपरा काही बनावट नाही.

यानंतर प्रश्न सुरू होतात, आणि पत्रातला हा भाग तुम्ही सावकाश वाचावा अशी इच्छा आहे. मागे एका मुलीने विचारलं होतं, 'एक दिवस सुट्टी आणि बाकी सगळे दिवस काम, मग हे थँक्यू खोटं नाही का?' दुसरा म्हणाला, 'नाकात भोक पाडून दोरी घालतात, आणि वर पूजा?' अशा वेळी सणाची बाजू लढवायचा मोह होतो. आम्ही ती लढवत नाही. वेसण कशासाठी असते, ती टोचताना जनावराला दुखतं का, याचं खरं उत्तर देतो: हो, दुखतं. एक दिवसाची विश्रांती पुरेशी आहे का, हा प्रश्न उघडाच ठेवतो. फक्त एक माहिती त्यात घालतो. बैल ज्याच्या मालकीचे तो बरेचदा त्यांना स्वतः हाकत नसे. ते काम सालगड्याचं, ज्याचा करार वर्षाचा असायचा. पोळ्याला बैलाबरोबर त्यालाही नवे कपडे देण्याची रीत होती आणि बैल घरोघर ओवाळायला नेले की नेणाऱ्याला बोजारा म्हणून पैसे मिळायचे. मग मुलांना विचारतो, बैलाचे आभार मानले, गड्याचे मानले का? पुरेसे मानले का? आठ वर्षांचं मूल यावर काय बोलेल असं वाटत असेल तर एकदा मागच्या बाकावर येऊन बसा.

जेवणाचा प्रश्न हमखास निघतो, कारण इथे शाळेत शेजारच्याच्या डब्यात बीफ असतं. वर्गातला नियम एका ओळीचा आहे: कोणाच्या डब्यावर बोलायचं नाही. आमच्या घरी खात नाहीत, त्यांच्या घरी खातात, यापुढे वर्ग जात नाही. काही पालकांना इथे गाईचं पावित्र्य ठसवायला हवं असतं, काहींना तो विषयच नको असतो. दोन्ही घरं आमच्याकडे येतात, म्हणून घरची श्रद्धा घरी सांगावी. तुम्ही ती आमच्यापेक्षा चांगली सांगाल.

आता घरी काय करायचं. तीनच गोष्टी सांगते, आणि तिन्ही न जमल्यास एक करा.

पहिली म्हणजे फोन. शनिवारी वर्ग सुटल्यावर इथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा भारतात सकाळचे साडेनऊ असतात, आजी-आजोबा चहा घेऊन मोकळे. मुलीला स्वतः विचारू द्या: तुमच्याकडे पोळा व्हायचा का, बैल कोण धुवायचं, आणि कोणाला त्यात घेत नसत? तिसरा प्रश्न ऐकून आजी दचकतील, पण उत्तरं त्याचीच मोलाची येतात. कुठे बायका दारातूनच ओवाळायच्या, कुठे गावच्या पोळ्यात मानाच्या जोडीवरून भांडणं व्हायची, कुठे कोणाच्या बैलांना तोरणाखाली जागा मिळायची नाही. तुम्ही पलीकडून सुचवू नका, सावरूनही घेऊ नका. तुमच्या घरात पोळा नव्हताच, तर 'नव्हता, आम्ही शहरात होतो' हे उत्तरही वहीत लिहून आणायचं. पुण्याच्या घरांत बहुधा हेच येईल, किंवा कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या जोडीची पूजा. दोन्ही चालतं.

दुसरी गोष्ट आवतणाची. मुलीने घरातल्या किंवा ओळखीच्या एका राबणाऱ्या माणसाला आदल्या संध्याकाळी रीतसर आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने नेहमीचं काम करायचं नाही आणि मुलीने त्याला जेवायला वाढायचं. इथे एक गोम आहे. बहुतेक मुलं आईला आवतण देतात. सणाला पुरणपोळी हवी म्हणून आईच सकाळपासून डाळ शिजवून, पुरण वाटून, पोळ्या लाटून दमते, आणि मग पाटावर बसून स्वतःच केलेलं जेवते. बैलालाच स्वतःची पेंड वाहून आणायला लावल्यासारखं झालं हे. तेव्हा आईला आवतण असेल तर त्या दिवशी आई स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. बाबांनी केलेली खिचडी चालेल, टोस्ट-ऑम्लेट चालेल. पुरणपोळी रविवारी करा किंवा विकत आणा. वर्गात मात्र खाऊ पाठवू नका. अ‍ॅलर्जीच्या नियमांमुळे घरचे पदार्थ आम्हाला वाटता येत नाहीत.

मागच्या वेळी एका मुलाने रात्रपाळी करणाऱ्या बाबांना आवतण दिलं होतं. आदल्या आठवड्यात त्याने बघून ठेवलं होतं की बाबा सकाळी घरी आले की आधी पायमोजे काढून पाय चोळतात. तो हळद-तेल घेऊन बसला. पांढरी चादर कायमची पिवळी झाली, असा त्याच्या आईचा निरोप आला होता. हळद कमी, तेल जास्त, आणि खाली जुना टॉवेल, ही सूचना तेव्हापासून पत्रात असते.

तिसरी गोष्ट ज्यांच्याकडे करतात त्यांच्यासाठी. पोळ्याच्याच दिवशी पिठोरी अमावास्या असते. पूजेनंतर आई वाण मागे धरून विचारते, 'अतीत कोण?', म्हणजे अतिथी कोण, आणि मूल म्हणतं, 'मी!' काही घरांत हे फक्त मुलाला विचारायची पद्धत होती. आमच्या वर्गात मुली-मुलगे सगळे 'मी' म्हणतात. आई सोबत नसेल तर बाबा, मावशी, आजी, कोणीही विचारू शकतं. दिवसभर दुसऱ्याच्या कष्टाचा विचार केल्यावर शेवटी मुलाचंही कोणीतरी कौतुक करतं, हा योग मला आवडतो. पण उपास, पूजा यातलं काही वर्गाकडून सक्तीचं नाही.

मुलीला यातलं काय पोचलं हे कसं ओळखायचं, असंही बरेच जण विचारतात. परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. घरी येऊन ती 'पोळा आपल्याला कृतज्ञता शिकवतो' म्हणाली तर समजा तिने कुठूनतरी वाक्य उचललं आहे, आमच्याकडून नव्हे. एका माणसाचं नाव आणि त्याचं नेमकं काम तिला सांगता आलं तर तिने पाहिलं आहे. शनिवारी आपण ज्या शाळेची खोली वापरतो तिथे खुर्च्या कोण पुन्हा लावतं, असं एखाद्या मुलाने आपणहून विचारलं की आमच्यासाठी तो धडा लागला. काही मुलांच्या बाबतीत तीन शनिवारांत असं काहीच दिसत नाही. पाच वर्षांच्या आतली मुलं तर बैल रंगवण्यातच रमतात, त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा आम्हीही ठेवत नाही.

एक तारखेबाबत. मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे असल्यामुळे तिथी कधी कधी इथे एक दिवस इकडेतिकडे होते. घरची पूजा तुमच्या पंचांगाने करा. वर्गातला पोळा त्याच्या जवळच्या शनिवारी असेल, नेमकी तारीख टर्म सुरू झाल्यावर कळवू.

दुसऱ्या शनिवारी मुलांना जुना शर्ट घालून पाठवा आणि तिसऱ्या शनिवारी घरात असतील तर घुंगरं, जरीच्या कापडाचे तुकडे आणि बेगड द्या. जाड बांबू आमच्याकडे एकच आहे. कोणाच्या गॅरेजमध्ये दुसरा पडला असेल तर पहिल्या शनिवारी दहा मिनिटं आधी घेऊन या.

तुमच्या मुलांच्या बाई